नोट्स ‘आज’च्या यादीतून गायब होतात? नोशन डेटाबेस बनवताना या चुका टाळा

माझी धाकटी बहीण एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. तिसऱ्या सेमिस्टरच्या ऑर्गनिक केमिस्ट्रीच्या नोट्स आम्ही दोघांनी मिळून नोशनमध्ये घातल्या. प्रत्येक टॉपिकला स्थिती आणि पुढच्या उजळणीची तारीख दिली. पहिले दोन आठवडे ‘आज’ची यादी छान छोटी येत होती. मग लक्षात आलं की काही टॉपिक त्या यादीत एकदाही आलेच नव्हते. नोशनने कुठलाही एरर दाखवला नव्हता. अशा डेटाबेसमधली चूक बहुतेक वेळा अशीच असते: काही मोडत नाही, फक्त एखादी नोट गुपचूप नजरेआड होते.

सुरुवात ओळीपासून करू. आम्ही एका लेक्चरची एक ओळ केली होती. ‘अल्डिहाइड्स आणि कीटोन्स’ या एकाच ओळीत अल्डॉल कंडेन्सेशन, कॅनिझारो, पर्किन असं सगळं होतं. तिला अल्डॉल पाठ होतं, म्हणून ती ओळ ‘पक्कं’ झाली आणि तिच्याबरोबर कॅनिझारोही तीन आठवडे बाजूला पडलं. पण तिचा खरा गोंधळ तिथेच होता: अल्फा हायड्रोजन असेल तर अल्डॉल, नसेल तर कॅनिझारो, हेच उलटसुलट व्हायचं. एका ओळीला एकच स्थिती आणि एकच तारीख मिळते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत पुस्तक मिटून लिहून काढता येईल एवढाच भाग एका ओळीत ठेवा. टॉपिकचं नाव पानाच्या शीर्षकातच लिहा. विषय आणि युनिट यांसाठी Select प्रकारची प्रॉपर्टी घ्या, Text नको. Text मध्ये एकदा ‘ऑर्गनिक’ आणि एकदा ‘ऑरगॅनिक’ लिहिलं, की फिल्टर त्यातलं एकच पकडतो.

प्रत्येक विषयाचा वेगळा डेटाबेसही करू नका. डेटाबेस एकच ठेवा आणि विषयवार व्ह्यू करा.

‘Done’ ही उजळणीची स्थिती नाही

Status प्रॉपर्टी घेतली की Not started, In progress, Done हे पर्याय आयते मिळतात. ते कामांच्या यादीसाठी ठीक आहेत. असाइनमेंट दिली की संपते, पण टॉपिक एकदा वाचून संपत नाही. आम्ही ‘Done नसलेले दाखव’ असा फिल्टर लावला होता, त्यामुळे Done झालेली प्रत्येक नोट परीक्षेपर्यंत दिसणारच नव्हती. स्थितीने आत्ता किती आठवतं ते सांगावं. आम्ही कच्चं, मध्यम, पक्कं हे तीनच पर्याय ठेवले. पाच-सहा पर्याय केले तर रोज रात्री कुठला निवडायचा यातच वेळ जातो.

पुढची तारीख कोण लिहिणार?

हाताने लिहिलेली तारीख चार दिवस टिकते, मग कंटाळा येतो. म्हणून ‘शेवटची उजळणी’ ही Date प्रॉपर्टी ठेवा आणि ‘पुढची उजळणी’ Formula ने काढा:

```
dateAdd(
  prop("शेवटची उजळणी"),
  ifs(
    prop("स्थिती") == "कच्चं", 2,
    prop("स्थिती") == "मध्यम", 7,
    prop("स्थिती") == "पक्कं", 21,
    1
  ),
  "days"
)
```

शेवटचा 1 मुद्दाम आहे. आमच्या पहिल्या फॉर्म्युलात ‘पक्कं’ची ओळच नव्हती. कच्चं नाही, मध्यम नाही, तर उरलेल्याला २१, असं होतं. नंतर बहिणीने पर्यायाचं नाव ‘कच्चं’ऐवजी ‘कच्चे’ केलं. प्रॉपर्टीचं नाव बदललं तर फॉर्म्युला ते सांभाळून घेतो. पर्यायाचं नाव मात्र अवतरणातली नुसती अक्षरं असतं, ते आपोआप बदलत नाही. परिणामी सगळ्यात कच्चे टॉपिक २१ दिवस पुढे ढकलले गेले. आता नाव जुळलं नाही तर नोट उद्याच समोर येते आणि चूक लगेच कळते. मराठीत पर्याय लिहिताना हे विशेष जपा, कारण एका अनुस्वाराचा फरकही पुरतो.

दिवसांचे आकडे आम्ही सोयीने ठरवले आहेत, तुम्ही ते बदलू शकता.

तारीख ‘१२ ऑगस्ट’सारखी देखणी दिसावी म्हणून वरच्या फॉर्म्युलाला `formatDate` लावायचा मोह होतो. तो टाळा. त्यातून निघतो तो मजकूर असतो, तारीख नव्हे. ‘आज किंवा आधी’ असा फिल्टर मग लागत नाही आणि क्रमही अक्षरांप्रमाणे लागतो.

आणखी एक मोह म्हणजे `Last edited time` लाच शेवटची उजळणी मानणं. एखादा स्पेलिंग दुरुस्त केला किंवा विषयाचा पर्याय बदलला, तरी ती वेळ बदलते. न वाचलेली नोट वाचल्यासारखी पुढे सरकते. त्यापेक्षा Button प्रॉपर्टी करा: कच्चं, मध्यम, पक्कं यांची तीन बटणं, आणि प्रत्येक बटणाने स्थिती व आजची तारीख एकदमच भरली जाईल असं ठरवा. स्थिती बदलली पण तारीख टाकायची राहिली, हा घोळ मग होत नाही.

कोरी तारीख

आमचे जे टॉपिक कधीच दिसले नव्हते, त्यांचं कारण हे निघालं. ‘आज’च्या व्ह्यूला फिल्टर होता: पुढची उजळणी, `Is on or before`, `Today`. पण ज्या टॉपिकची एकदाही उजळणी झालेली नाही, त्याची शेवटची तारीख कोरी. मग पुढचीही कोरी, आणि कोरी तारीख ‘आज किंवा आधी’ या अटीत बसतच नाही. म्हणजे अगदी न शिवलेले टॉपिकच यादीबाहेर. फिल्टरमध्ये Or घालून दुसरी अट जोडा: शेवटची उजळणी, `Is empty`.

हे कळल्यावर आम्ही उलटी चूक केली. कोरं काही राहूच नये म्हणून ४६ ओळी निवडल्या आणि सगळ्यांना १० ऑगस्ट ही तारीख व ‘कच्चं’ ही स्थिती दिली. १२ ऑगस्टला ४६ च्या ४६ समोर. एकेकाला बारा मिनिटं धरली तरी नऊ तासांच्या वर काम होतं. त्या दिवशी आठ झाले, बाकीचे थकबाकीत गेले. तारखा परत कोऱ्या केल्या आणि कोऱ्यांचा वेगळा व्ह्यू करून रोज पाचच घेतले, तेव्हा कुठे भार पसरला.

परीक्षा जवळ आली की २१ चा आकडाही अडचणीचा ठरतो. पेपर २० नोव्हेंबरला आणि ५ तारखेला टॉपिक ‘पक्कं’ केला, तर पुढची तारीख २६ निघते. म्हणून शेवटच्या महिन्यात फॉर्म्युलात २१ च्या जागी ७ करा. तोच टॉपिक १२ ला येतो.

यादीतून काही निसटतंय का, हे पाहायला दर रविवारी एक मोजणी पुरते. टेबलच्या तळाशी `Count all` लावा. ‘आज’च्या व्ह्यूतल्या ओळी (कोऱ्या धरून) आणि ‘तारीख आजच्या नंतर’ या व्ह्यूतल्या ओळी यांची बेरीज एकूण ओळींइतकी यायला हवी. आमच्याकडे एकूण ४६ ओळी होत्या. Or ची अट जोडण्याआधीच्या रविवारी १४ आणि २९ आले, म्हणजे ४३. उरलेले तीन आम्ही शोधत होतो तेच होते.