सर्दीत झिंकच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

‘झिंक घेतलं, पण सर्दी काही हटली नाही’ अशी तक्रार आली की आधी एकच गोष्ट विचारावी: गोळी गिळली की चघळली? बहुतेक वेळा उत्तर ‘गिळली’ असंच येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

झिंक दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळी कामं करतं. पहिलं काम रक्तातल्या आणि लसिका ग्रंथींतल्या प्रतिकारपेशींमध्ये चालतं. त्यांपैकी टी-पेशीला विषाणूची ओळख पटली की तिच्या पृष्ठभागावरचा सीडी-4 किंवा सीडी-8 हा रेणू आतल्या एलसीके नावाच्या एन्झाइमला धरून ठेवतो. ही पकड झिंकच्या एका अणूवर असते. झिंक नसेल तर पकड सुटते आणि ‘कामाला लागा’ हा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतलं थायम्युलिन हे संप्रेरकही झिंक जोडल्याशिवाय निष्क्रिय असतं, आणि टी-पेशी तयार होण्यासाठी ते लागतं. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी 1960च्या दशकात इराण आणि इजिप्तमध्ये झिंकच्या कमतरतेने खुजे राहिलेले रुग्ण अभ्यासले. त्यांच्यात जंतुसंसर्ग वारंवार होत असल्याचं दिसलं आणि झिंक व प्रतिकारशक्ती यांच्या संशोधनाला तिथून वेग आला.

दुसरं काम घशात होतं, असा अंदाज आहे. सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. तो नाक आणि घशाच्या आतल्या अस्तरात वाढतो. त्याची प्रथिनं कापून तयार करणारं एन्झाइम झिंकमुळे अडतं, हे प्रयोगशाळेत 1970च्या दशकातच दिसलं होतं. अस्तराच्या पेशीला विषाणू जिथे चिकटतो, ती जागाही झिंकचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, अडवत असावेत. पण त्यासाठी हे आयन घशाजवळ बराच वेळ राहायला हवेत. गिळलेली गोळी थेट पोटात जाते. म्हणून संशोधकांनी गिळायच्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी लॉझेंज निवडली. 1984 साली अमेरिकेत जॉर्ज एबी यांनी 23 मिग्रॅ झिंकच्या गोळ्या जागेपणी दर दोन तासांनी चघळायला देऊन पहिली चाचणी प्रसिद्ध केली.

घरातली कोणतीही झिंकची गोळी चालते, हा समज

आशाताई मुलांच्या जुलाबासाठी ओआरएससोबत 20 मिग्रॅची विरघळणारी गोळी देतात. ती चमचाभर पाण्यात घोळून 14 दिवस द्यायची असते. ते औषध उत्तम आहे, पण ते आतड्यासाठी. सर्दीत मोठ्यांनी ती गिळली तर घशातल्या विषाणूशी तिचा संबंध येत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच खोकल्याच्या, घसा शमवणाऱ्या गोळ्यांतही झिंक नसतंच. घशाला थंडावा मिळतो, बाकी काही नाही. पाकिटाच्या मागे झिंक लिहिलं आहे का, ते आधी पाहा.

लेबलवरचा आकडा जसाच्या तसा धरणं

इथे हिशेब शेतकऱ्याला लगेच कळतो. सोयाबीनला टाकायच्या झिंक सल्फेटच्या पिशवीवर 21 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 10 किलोच्या पिशवीत खरं झिंक 2.1 किलो, बाकी सल्फेट आणि पाणी. गोळीतही तसंच असतं. झिंक ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष झिंक साधारण 14 टक्के, तर ॲसिटेटमध्ये साधारण 30 टक्के. (शेतातलं सल्फेट तोंडात घालायचं नाही, हे सांगायला नको.)

समजा दारव्हा तालुक्यातल्या एका बाईचा सोमवारी सकाळी घसा खवखवू लागला. तिने ‘झिंक ग्लुकोनेट 50 मिग्रॅ’ लिहिलेली लॉझेंज आणली आणि दिवसातून तीन घेतल्या. एका गोळीत खरं झिंक साधारण 7 मिग्रॅ, म्हणजे दिवसाला 21. ज्या चाचण्यांत सर्दी लवकर आटोपली, त्यांत दिवसाचं एकूण झिंक 75 मिग्रॅच्या पुढे होतं. त्याखालच्या मात्रेत फरक दिसला नाही. तेवढं गाठायला तिला अकरा गोळ्या चघळाव्या लागतील. म्हणजे तिची गोळी ‘फेल’ गेली नाही, मात्राच चौथाईपेक्षा थोडी वर होती. ‘प्रत्यक्ष झिंक 13 मिग्रॅ’ अशी गोळी दर अडीच-तीन तासांनी, दिवसातून सहा घेतली, तर 78 मिग्रॅ होतात.

लिंबाच्या चवीची गोळी, वरून लिंबाचा चहा

झिंकची चव तुरट आणि धातूसारखी असते. ती झाकायला काही गोळ्यांत लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालतात. सायट्रिक ॲसिड झिंकचे आयन घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे मोकळे आयन कमी उरतात आणि गोळी चवीला छान पण कामाला मंद होते. गोळीनंतर लगेच लिंबू-पाणी, चिंचेचं सार किंवा लिंबाचा चहा घेतला तरी हेच होतं. अर्धा तास थांबा. गोळी कडकडा फोडू नका. वीस-तीस मिनिटं तिला तोंडात विरघळू द्या. उपाशीपोटी घेतली तर मळमळ होते, म्हणून भाकर खाऊन घ्या.

तिसऱ्या दिवशी सुरुवात

विषाणूची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला जाते. बहुतेक चाचण्यांत लक्षणं सुरू झाल्यापासून 24 तासांत पहिली गोळी दिली होती. नाक घट्ट होऊन पिवळा शेंबूड यायला लागल्यावर झिंक सुरू करणं म्हणजे उशीरच.

एवढं सगळं नीट केलं तरी खात्री देता येत नाही, हेही स्पष्ट असू द्या. 1996 साली क्लीव्हलँडमधल्या चाचणीत सर्दी 7.6 ऐवजी 4.4 दिवसांत गेली. उलट 2020 साली फिनलंडमध्ये 78 मिग्रॅ देऊनही फायदा दिसला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2024च्या आढाव्याचं म्हणणं असं, की सर्दीचा काळ सुमारे दोन दिवसांनी कमी होऊ शकतो, पण पुरावा कमकुवत आहे. आणि सर्दी होऊच नये म्हणून झिंक घेण्याचा उपयोग दिसत नाही.

‘ताकद वाढते’ म्हणून महिनोन्‌महिने घेणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. कोरोनाच्या काळात 50 मिग्रॅच्या गोळ्या घराघरांत आल्या आणि काही ठिकाणी अजून चालू आहेत. शरीरात झिंक पुरेसं असेल तर जादा झिंकने टी-पेशी जास्त तल्लख होत नाहीत. उलट आतड्यातल्या पेशी झिंकमुळे एक प्रथिन जास्त बनवतात, ते तांबं अडकवून ठेवतं, आणि तांबं कमी झालं की रक्त कमी होतं आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे जी शक्ती वाढवायला गोळी घेतली, तीच उतरते. मोठ्यांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा 40 मिग्रॅ धरतात. लॉझेंजची जादा मात्रा फक्त पाच दिवसांची, तीही सर्दीत.

रोजच्या कमतरतेसाठी गोळीपेक्षा ताटाकडे पाहा. ज्वारीत आणि तुरीत झिंक असतं, पण त्यांतलंच फायटेट नावाचं द्रव्य ते बांधून ठेवतं. मूग-मटकीला मोड आणले, डाळ भिजवली किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. अंडी आणि मटणातलं झिंक सहज शोषलं जातं.

औषधांची सरमिसळ आणि चुकीचं निदान

डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर झिंक त्याला चिकटतं आणि दोन्हींचं शोषण घटतं. अँटिबायोटिकनंतर किमान दोन तास थांबा. झिंक आधी घेतलं असेल तर चार ते सहा तासांनी अँटिबायोटिक घ्या. नाकात झिंकचं जेल किंवा स्प्रे मारू नका: वास जाण्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2009 साली अशा उत्पादनांबाबत इशारा दिला होता. लहान मुलांना लॉझेंज देऊ नका, घशात अडकते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस असतात. 2018 साली नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते. नाक वाहत नसताना जोराचा ताप, अंगदुखी, काखेत किंवा जांघेत काळी खपली, दम लागणं, यातलं काही दिसलं तर लॉझेंजची वाट पाहू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.