बिबट्या भिंतीवर बसवायचा कसा, आणि पडद्यावर खरं-खोटं ओळखायचं कसं

व्हीएफएक्समध्ये यायचंय म्हणून विचारणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कुठलं सॉफ्टवेअर शिकू" हाच असतो. मी कॉम्पोझिटर आहे, म्हणजे खरं फुटेज आणि कॉम्प्युटरवरचं चित्र एकत्र जुळवणारा, सुरुवात रोटोपासून, म्हणजे फुटेजमधल्या वस्तू कापून काढण्यापासून केली, आणि माझं मत असं की सॉफ्टवेअर नंतर येतं, आधी एक शॉट नीट बघता आला पाहिजे. खऱ्या फुटेजमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेली गोष्ट बसवताना आम्ही ज्या चार-पाच जागा जुळवतो, नेमक्या त्याच जागा बघून पडद्यावर काय खरं काय डिजिटल ते ओळखता येतं. म्हणजे एक शिकलात की दुसरं आपोआप येतं. म्हणून एकच शॉट धरून सांगतो.

एका वेब सिरीजसाठी काम होतं. मुंबईतली सोसायटी, रात्र, कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या चालत जातो, पुढे आंब्याची फांदी आडवी आलेली, कॅमेरा हळूहळू सरकतोय. आता खरा बिबट्या तर कोणी आणणार नाही, तो सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेला. पण बाकी सगळं खरं: भिंत, फांदी, रस्त्यावरचा जुना पिवळा सोडियमचा दिवा आणि दुसऱ्या बाजूला वॉचमनच्या केबिनमधली पांढरी ट्यूबलाइट. ह्या खऱ्या फुटेजला आम्ही प्लेट म्हणतो.

शूटिंगला टेक झाला की लगेच त्याच जागी एक माणूस दोन गोळे हातात धरून उभा राहतो, एक करड्या रंगाचा आणि एक आरशासारखा चकचकीत. बघ्यांना ते जादूटोण्यासारखं वाटतं, पण करड्या गोळ्यावर कळतं की प्रकाश कुठून येतोय, किती कडक आहे, सावलीची बाजू किती काळी जाते, आणि चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे सगळे दिवे दिसतात. त्याच ठिकाणाहून कमीजास्त एक्स्पोजरचे भरपूर फोटो काढून चहूबाजूंचा एक एचडीआरआय, म्हणजे गडद ते झगझगीत सगळा उजेड पकडणारा फोटो पण बनवतात, आणि थ्रीडीमध्ये बिबट्यावर प्रकाश त्यातूनच पडतो. आमच्या शॉटमध्ये पहिल्या रेंडरला, म्हणजे थ्रीडीमधून निघालेल्या चित्रात बिबट्या मस्त सोनेरी आला होता, ठिपके एकदम स्पष्ट, आणि म्हणूनच तो स्टिकर वाटत होता, कारण सोडियमच्या उजेडात रंग मरतात, सगळं एकाच नारिंगी छटेत जातं. गोळ्याच्या फोटोशी ताडून बघितल्यावर त्याची एक बाजू नारिंगी आणि केबिनकडची कड गार पांढरी केली, आणि मग कुठे तो त्या गल्लीतला वाटायला लागला.

त्याच्या आधी मॅचमूव्ह. कॅमेरा सरकतोय तर थ्रीडीमधला कॅमेरापण अगदी तसाच सरकला पाहिजे, नाहीतर बिबट्याचे पंजे भिंतीवर घसरतात. सॉफ्टवेअर प्लेटमधले ठळक बिंदू पकडून कॅमेरा कसा हलला ते काढतं, पण त्याला लेन्स किती एमएमची, सेन्सर केवढा, हे सांगावं लागतं, आणि लेन्स कडेला प्रतिमा वाकवते ते मोजायला चौकटींचा एक चार्ट शूट केलेला लागतो. ते वाकणं आधी सरळ करून त्यावर ट्रॅक करतात, आणि शेवटी बिबट्यालाच तेवढं वाकवून मूळ प्लेटवर ठेवतात. उलटं करायचं नाही, प्लेट सरळ करून परत वाकवली की ती उगाच मऊ पडते. ट्रॅक बरोबर आहे की नाही बघायला थ्रीडीमध्ये भिंतीवर दोन-चार चौकटीवाले शंकू ठेवून शॉट चालवून बघतात, शंकू भिंतीला चिकटून राहिले तर ठीक, तरंगले तर परत.

फांदीचं काम रोटोचं. बिबट्या फांदीच्या मागून जातोय म्हणजे फांदी न् फांदी, पान न् पान फ्रेमगणिक कापून काढायचं, म्हणजे ते परत बिबट्याच्या वर ठेवता येतं. वाऱ्याने पानं हलत असतात. हेच काम आपल्याकडे मुंबई-पुणे-हैदराबादच्या स्टुडिओत बाहेरच्या पिक्चरांसाठीही भरपूर येतं आणि नवीन माणसाची एंट्री बऱ्याचदा इथूनच होते. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू, पण कडा कशा वागतात ते ह्यातच कळतं.

आता कॉम्प, म्हणजे माझं काम. सगळ्यात जास्त शॉट मरतात ते काळ्या रंगावर. रात्रीच्या प्लेटमध्ये सगळ्यात गडद कोपरासुद्धा पूर्ण काळा नसतो, हवेतली धूळ आणि लेन्समध्ये पसरलेला उजेड मिळून तो थोडासा उचललेला असतो, आणि सोडियम असेल तर थोडा तांबूसपण. सीजीचा काळा मात्र जवळजवळ शून्य येतो. साध्या डोळ्याला दोन्ही काळेच दिसतात, पण सॉफ्टवेअरमधल्या व्ह्यूअरचा गॅमा वर नेला, म्हणजे गडद भाग उजळून बघितले की लगेच कळतं, बिबट्याच्या पोटाखाली भोक पडल्यासारखं दिसतं. तो काळा लाल-हिरवा-निळा तिन्ही चॅनलमध्ये वेगवेगळा जुळवायचा.

मग ग्रेन. कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये बारीक वळवळ असते, रेंडर गुळगुळीत असतं. ग्रेन निळ्या चॅनलमध्ये सहसा सगळ्यात जास्त असतो, म्हणून चॅनल एकेक करून बघायचं, आणि ग्रेन फक्त बिबट्यावर टाकायचा, पूर्ण फ्रेमवर टाकला तर प्लेटवर दुप्पट होतो. मोशन ब्लरपण जुळला पाहिजे, सेकंदाला 24 फ्रेम आणि 180 अंशाचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा 48 वा भाग उघडी असते, तेवढाच पंजा पुसट व्हायला हवा. फोकस जिथे आहे त्याच्या मागे बिबट्या असेल तर तोही तेवढाच मऊ. आणि कडेला बारीक काळी रेघ दिसली तर समजायचं की प्रीमल्टिप्लाय केलेल्या, म्हणजे रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेल्या इमेजवर कोणीतरी थेट रंग बदललाय, आधी अनप्रीमल्ट, मग ग्रेड, मग परत प्रीमल्ट, हा क्रम चुकला की हमखास रेघ येते. शेवटी पंजाखालची सावली. भिंतीला पंजा टेकतो तिथे बोटभर जागेत गडद सावली नसेल ना, तर बाकी सगळं बरोबर असूनही जनावर तरंगतं.

आता हेच उलटं करून बघूया. ओळखायला शिकायचं तर मी अजूनही 1993 च्या ज्युरासिक पार्कमधला पावसातला टी-रेक्सचा सीन लावायला सांगतो. त्या अख्ख्या पिक्चरमध्ये डायनोसॉर दिसतात सुमारे 15 मिनिटं, आणि त्यातलं सीजी 6 मिनिटांच्या आसपास. बाकीचं बरंचसं स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेली हलणारी यंत्रं. टी-रेक्स साधारण 40 फूट लांब होता, वरून फोम रबराची कातडी, आणि पावसात ती कातडी पाणी प्यायची, वजन वाढून अख्खं धूड थरथरायला लागायचं, टेकच्या मधे त्याला पुसून वाळवत बसायचे. सीजी आयएलएम ह्या व्हीएफएक्स स्टुडिओचं, डेनिस म्युरेनच्या देखरेखीखाली.

सीन बघताना एकच प्रश्न विचारायचा: ह्या क्षणी जनावराचे पाय दिसतायत का? कुंपण तोडून ते बाहेर येतं आणि दोन गाड्यांच्या मधे चालतं, पूर्ण शरीर फ्रेममध्ये, तो सीजी, कारण ते यंत्र तसं चालूच शकत नव्हतं. मुलं गाडीत आहेत आणि जबडा वरून काच दाबतो, तिथे फक्त डोकं-मान दिसते, आणि काच, पत्रा, मुलं सगळं त्याच्या वजनाला खरंच प्रतिसाद देतं, ते यंत्र. दोन्हींच्या मधे कट आहे, एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना मेंदू स्वतःच दोघांना एक जनावर मानतो. रात्र आणि पाऊस पण मदतीला आहेतच, कडा आणि काळे लपतात. आणि डॅशबोर्डवरच्या ग्लासात पाण्याची गोल वलयं उठतात ना, त्यात कॉम्प्युटर अजिबात नाही, मायकल लँटिएरीने गाडीखालून गिटारची तार लावून ती छेडली होती.

म्हणजे पहिली खूण स्पर्शाची. जनावर किंवा वस्तू ज्याला लागते ते वाकतं का, चिखल दबतो का, कापड ओढलं जातं का. सीजीत हे सगळं वेगळं करावं लागतं आणि महाग पडतं, म्हणून तिथे बऱ्याचदा फ्रेम कापलेली असते किंवा धूळ उडवलेली असते. दुसरी खूण पाणी-आगीची, ही जुन्या पिक्चरांत जास्त कामाची. छोटं मॉडेल बनवून पूर दाखवला तरी पाण्याचे थेंब छोटे होत नाहीत, म्हणून बोरांएवढे थेंब धरणावरून पडताना दिसले की मॉडेल. छोट्या मॉडेलमध्ये सगळं पटकन पडतं, तो वेग लपवायला जास्त फ्रेमरेटला शूट करतात, मापाच्या वर्गमुळाने, म्हणजे एक चतुर्थांश मॉडेलला 24 ऐवजी 48. वेग जुळतो, थेंब नाही जुळत.

पण एक सांगतो, "ह्यात सीजीआय नाहीच" असं प्रसिद्धीत म्हटलेलं बघितलं की लगेच विश्वास ठेवू नका. 2015 चा मॅड मॅक्स फ्युरी रोड घ्या. नामिबियाच्या वाळवंटात गाड्या खरंच पळवल्या, खांबावर झुलणारी माणसं खरी. तरी व्हीएफएक्सचे शॉट 2000 च्या घरात, धुळीचं वादळ डिजिटल, आणि फ्युरिओसाचा नसलेला हात म्हणजे अभिनेत्रीच्या हातावर हिरवी बाही घालून नंतर पुसलेला हात. त्यामुळे शॉट खरा की खोटा असं विचारण्यात अर्थ नाही, शॉटमधला कुठला तुकडा कुठून आलाय हे विचारायचं. आणि खरे चांगले शॉट तुम्हाला दिसतच नाहीत, पुसलेली दोरी, बदललेलं आकाश, मागची वाढवलेली बिल्डिंग, ह्याबद्दल कोणी वादच घालत नाही.

घरी करून बघायचं असेल तर थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर फुकट आहे, त्यात कॅमेरा ट्रॅकरही आहे, आणि न्यूक ह्या कॉम्पच्या सॉफ्टवेअरची नॉन-कमर्शिअल आवृत्ती पण मिळते, आउटपुट 1920 बाय 1080 पर्यंतच. फोनवर शूट करताना एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा आणि स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर फोन प्रत्येक फ्रेम स्वतःच सरकवतो, कापतो आणि ट्रॅक काही केल्या बसत नाही. भराभर पॅन पण करू नका, फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि उभे खांब तिरपे होतात. प्लास्टिकच्या बॉलला करडा मॅट प्रायमर मारला की गोळा तयार. व्हीएलसीत E दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, वरचा टी-रेक्सचा सीन तसाच बघा.

काम मागताना दाखवायच्या रीलमध्ये पाच भारी दिसणाऱ्या शॉटपेक्षा असा एक भिंतीवरचा शॉट, त्याची प्लेट, ट्रॅक, रोटो आणि काळे जुळवण्याआधी-नंतर असं उलगडून ठेवा, आणि प्रत्येकाखाली नक्की काय तुम्ही केलं ते लिहा, मॉडेल विकतचं असेल तर तेही लिहा, कारण इंटरव्ह्यूला बसलेला लीड पहिला प्रश्न तोच विचारतो आणि शॉट थांबवून व्ह्यूअरचा गॅमा वर नेतो.