व्याख्यानाचं आमंत्रण नाकारताना सहकाऱ्याचं नाव कसं सुचवावं

परिषदेत बोलायचं आमंत्रण आलं आणि जमणार नाही हे दिसत असलं, तरी बरेच जण उत्तर लांबवतात. नाही म्हणायला जड जातं, हे समजण्यासारखं आहे. पण तोवर आयोजकांनी तुमच्यासाठी एक सत्र अडवून ठेवलेलं असतं आणि कार्यक्रमपत्रिका अडलेली असते. दोन-तीन दिवसांत नकार कळवावा. सहकाऱ्याला विचारून व्हायचं असेल, तर नकार आधी पाठवून ‘एक नाव सुचवता येईल का ते परवापर्यंत कळवते’ असं लिहिलं तरी चालतं.

त्याआधी आमंत्रण नीट वाचा. त्यांना विषय हवा आहे की तुम्ही? उद्घाटनाच्या भाषणासाठी तुमचं नाव पाहून बोलावलं असेल, तर बदली नाव बहुधा त्यांच्या कामाचं नसतं. तिथे साधा नकार बरा. विषय हवा असेल, तरच सुचवण्यात अर्थ आहे.

एक उदाहरण घेऊ. दहा आठवड्यांनी परिषद आहे, चाळीस मिनिटांचं सत्र, विषय ‘चालू यंत्रणा बंद न करता डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवणे’. प्रकल्प तुमच्या नावावर आहे, पण माहिती टप्प्याटप्प्याने कशी हलवायची आणि जुनी-नवी नोंद कशी ताडून पाहायची, हे सगळं एका सहकारी मैत्रिणीने बसवलं होतं. म्हणजे या विषयावर तीच जास्त नेमकं बोलेल.

आयोजकांना नाव कळवण्याआधी तिला विचारायचं, आणि तेही सगळा तपशील हातात देऊन: तारीख, वेळ, श्रोते कोण, प्रत्यक्ष जायचं की ऑनलाइन, प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करणार, मानधन आहे का. आमंत्रणात यातलं काही नसेल तर तसं सांगायचं. तुम्ही तिला वरिष्ठ असाल, तर ‘जाशील ना?’ हा प्रश्न तिच्या कानाला हुकूम वाटतो. त्यापेक्षा लिहा: ‘तुझं नाव आणि ईमेल देऊ का? नको असेल तर नुसतं नको म्हण, कारण सांगायची गरज नाही. निवड त्यांच्या हातात आहे, त्यामुळे नक्की काही धरू नकोस.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलं की ती तयारीला लागते आणि तिकडून बोलावणं येतच नाही.

तिचा होकार आला की आयोजकांना असं पत्र जाऊ शकतं:

‘आमंत्रणासाठी मनापासून आभार. त्या आठवड्यात माझं दुसरं काम ठरलेलं आहे, त्यामुळे मला येता येणार नाही. या विषयासाठी माझ्या सहकारी अमुक यांचं नाव सुचवते. माहिती हलवण्याची आणि ताडून पाहण्याची पद्धत त्यांनीच आखली आणि राबवली. आमच्या विभागात त्यांनी यावर तासाभराचं सत्र घेतलं आहे. त्यांच्या संमतीने ईमेल देत आहे. आपल्या डोक्यात दुसरं कोणी असेल, तर अर्थातच तसं करावं.’

यात कारण एकाच वाक्यात आहे. ‘सध्या जरा धावपळ आहे’ असं लिहिलंत, की ‘मग वीसच मिनिटं बोला, ऑनलाइन बोला’ असं उत्तर येतं, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हेही खरंच यायचं असेल तरच लिहावं.

कौतुकापेक्षा काम सांगितलेलं आहे, हे महत्त्वाचं. ‘अत्यंत हुशार, उत्तम वक्त्या’ यावरून आयोजकांना काहीच ठरवता येत नाही. तिने काय केलं आणि कुठे बोलली, हे कळलं तर ठरवता येतं. मोठ्या मंचावर ती कधी बोलली नसेल, तर ते लपवू नका. विभागातलं सत्र हाही अनुभवच. ‘माझ्या जागी’ हे शब्द मात्र टाळा. त्याने ती पहिल्याच ओळीत दुय्यम ठरते.

या पत्राची प्रत तिला लावू नका. ती समोर असली, की आयोजकांना नाही म्हणताना संकोच होतो. तीन-चार नावं देण्याचा मोहही आवरा. यादी दिली की निवडीचं काम पुन्हा त्यांच्यावरच पडतं.

तिची निवड झाली, की शीर्षक आणि सारांश तिचा तिने लिहायचा. तुमची जुनी स्लाइड मागितली तर द्या, आपणहून पाठवू नका. आणि तुम्हाला प्रवासखर्च किंवा मानधन देऊ केलं असेल, तर तो आकडा तिला आधीच सांगून ठेवा. नवख्या वक्त्याला कधी कधी कमी देऊ केलं जातं, आणि आकडा माहीत नसेल तर ती विचारणारही नाही.