स्वॅपिंगची बॅटरी कोणाच्या नावावर आहे? या चुका टाळा

बॅटरी भरलेली, स्कूटर धडधाकट, तरी गाडी चालू होत नाही. किंवा स्टेशन रिकामी बॅटरी घेतच नाही, दार पुन्हा उघडतं आणि अ‍ॅपवर लाल पट्टी येते. स्वॅपिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची रिकामी बॅटरी स्टेशनला देऊन भरलेली घेण्याच्या सेवेत, अशा बऱ्याच तक्रारींत बिघाड बॅटरीत नसतो, नोंदीत असतो. ती बॅटरी सर्व्हरवर भलत्याच खात्यावर चढलेली असते. ही नोंद कशी होते ते एकदा कळलं की निम्म्या अडचणी जागच्या जागी सुटतात.

बॅटरीवर चिकटवलेला क्रमांक आणि क्यूआर कोड हा आपल्या डोळ्यांसाठी असतो. खरी ओळख आत असते, बॅटरीवर देखरेख करणाऱ्या सर्किटच्या, म्हणजे बीएमएसच्या मेमरीत. बॅटरी स्टेशनच्या खणात बसली की कनेक्टरच्या पिनांमधून, काही कंपन्यांत एनएफसी या जवळून चालणाऱ्या बिनतारी पद्धतीने, स्टेशन तो क्रमांक वाचतं. सोबत चार्ज, तापमान आणि फॉल्टच्या नोंदीही घेतं. मग सर्व्हरला विचारतं: ही बॅटरी याच ग्राहकाला दिली होती का? उत्तर ‘हो’ आलं तरच भरलेल्या बॅटरीचा खण उघडतो. ती बाहेर काढली की जुना क्रमांक तुमच्या खात्यातून उतरतो आणि नवा चढतो. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये स्वॅपिंग धोरणाचा मसुदा काढला, त्यातही प्रत्येक बॅटरीला कारखान्यातच स्वतंत्र ओळख क्रमांक द्यावा असं सुचवलं होतं.

मित्राची बॅटरी लावू नका

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांमध्ये ही चूक सर्रास होते. समजा, ठाण्यात रात्री साडेनऊला तुमच्याकडे ४१०७ शेवटाची बॅटरी आहे, चार्ज आठ टक्के. मित्राकडे ५५३२ शेवटाची, साठ टक्क्यांवर. त्याची शिफ्ट संपली, म्हणून तो म्हणतो, ‘माझी घे.’ काही गाड्यांत ती बॅटरी चालतेही, आणि तिथेच घोळ सुरू होतो. तासाभराने तुम्ही ५५३२ स्टेशनला लावता, पण तुमच्या नावावर ४१०७ आहे. स्टेशन ती परत ढकलतं. सकाळी मित्र ४१०७ घेऊन दुसऱ्या स्टेशनवर जातो, त्याचंही तेच होतं. आता दोन खाती अडकली, आणि कंपनीच्या दृष्टीने दोन बॅटऱ्या गैरहाती आहेत. अशा वेळी कॉल सेंटरला ‘मशीन खराब आहे’ असं सांगून उपयोग नाही. दोघांनी भेटून आपापल्या क्रमांकाची बॅटरी परत घ्यायची आणि मग स्वॅप करायचा. एखादी बॅटरी आधीच लॉक झाली असेल तर हेल्पलाइनला अदलाबदल झाल्याचं सरळ सांगा आणि दोन्ही क्रमांक द्या. त्यांना फक्त नोंद दुरुस्त करायची असते.

स्वॅप अर्धवट सोडून निघू नका

नेटवर्क गेलं, अ‍ॅप फिरत राहिलं, घाई आहे म्हणून ग्राहक निघून गेला, असं नेहमी होतं. यात दोन वेगळ्या परिस्थिती असतात आणि त्यांचे उपाय उलट आहेत.

रिकामी बॅटरी आत गेली पण भरलेला खण उघडला नाही, तर तुमच्या खात्यावर त्या क्षणी एकही बॅटरी नसू शकते. इथे थांबायचं. अ‍ॅप बंद करून पुन्हा क्यूआर स्कॅन केला तर काही यंत्रणा तो नवा स्वॅप धरतात आणि तुमच्याकडे परत करायला बॅटरी नाही म्हणून नकार देतात. मिनिटभर वाट पाहा, स्क्रीनशॉट घ्या, खणाचा क्रमांक आणि वेळ टिपा आणि तिथूनच फोन करा. त्यांना खण दूरून उघडता येतो, पण तुम्ही समोर असलात तरच ते उघडतील.

उलट, भरलेली बॅटरी हातात आली पण अ‍ॅपवर जुनाच क्रमांक दिसतोय, तर काळजीचं कारण कमी. नोंद उशिरा पोहोचत असते. तरीही स्टेशन सोडण्याआधी हातातल्या बॅटरीचा क्रमांक अ‍ॅपमधल्या क्रमांकाशी ताडून बघायची सवय लावा. पाच मिनिटांतही जुळला नाही तर बॅटरीचा आणि अ‍ॅपच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. पुढे वाद झाला तर तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत हे दोन्हींसाठी करा, कारण एक बदलली आणि दुसरी राहिली असंही घडतं.

नवी बॅटरी लावूनही गाडी उठत नाही

आधी चावी बंद करा, बॅटरी काढा, पिनांवर धूळ, चिखल किंवा पावसाचं पाणी आहे का बघा. कोरड्या फडक्याने पुसा आणि बॅटरी पुन्हा नीट खाली बसेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेल्या बॅटरीचे जाड पिन टेकतात, पण संदेशवहनाचे बारीक पिन टेकत नाहीत. गाडी आणि बीएमएस यांची ओळख पटली नाही तर बीएमएस वीज बाहेर सोडतच नाही. तरीही चालू झाली नाही तर त्याच स्टेशनवरून दुसरी बॅटरी मागा. दुसरी चालली तर दोष पहिल्या बॅटरीचा, तिची तक्रार क्रमांकासह करा. दुसरीही चालली नाही तर गाडीचा कनेक्टर किंवा तुमचं खातं तपासायला हवं. भाडं थकलं असेल तर काही कंपन्या बॅटरी दूरून बंद करतात, त्यामुळे खातंही बघा.

प्लॅन कशावर मोजतो ते वाचा

काही प्लॅन स्वॅप मोजतात, काही वापरलेली वीज, काही किलोमीटर. दीड युनिटची बॅटरी साठ टक्के चार्ज असताना परत केली तर तुम्ही ०.६ युनिट वापरलं. विजेवर मोजणाऱ्या प्लॅनमध्ये तेवढ्याचेच पैसे लागतील. स्वॅपवर मोजणाऱ्या प्लॅनमध्ये मात्र पूर्ण एक स्वॅप गेला. म्हणजे ‘जवळ आहे तर बदलून टाकू’ ही सवय एका प्लॅनमध्ये फुकट आहे, दुसऱ्यात महाग.

आणि अ‍ॅपवरचे शंभर टक्के सगळ्या बॅटऱ्यांत सारखे नसतात. जुन्या बॅटरीची क्षमताच घटलेली असते, ती तिच्या घटलेल्या क्षमतेचे शंभर टक्के दाखवते. एखादी बॅटरी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्याला नेहमीपेक्षा बरीच कमी चालली तर क्रमांक आणि किलोमीटर लिहून कळवा. क्रमांक नसलेली ‘बॅटरी लवकर उतरते’ ही तक्रार कोणालाच तपासता येत नाही.

गणपतीला गावी जाताना आणि गाडी विकताना

गाडी दहा-पंधरा दिवस पार्किंगमध्ये ठेवून कोकणात जाणार असाल तर बॅटरी जवळजवळ रिकामी असताना ठेवू नका. आतलं ट्रॅकिंगचं सर्किट थोडी थोडी वीज खातच असतं. फार उतरलेली बॅटरी स्टेशन घेत नाही, मग माणूस बोलवावा लागतो. प्लॅनला विराम देण्याची सोय असेल तर आधी बॅटरी जमा करा.

गाडी विकताना तर हे अधिक महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२० पासून केंद्राने बॅटरीविना इलेक्ट्रिक गाडी विकायला आणि नोंदवायला मुभा दिली. गाडी आरसीवर आणि बॅटरी करारावर, अशा दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आरसी बदलली तरी बॅटरी तुमच्याच खात्यावर राहते, भाडंही तुमच्याच नावाने चढतं. आधी बॅटरी स्टेशनला परत करा, अ‍ॅपवर तुमच्या नावापुढे एकही क्रमांक उरला नाही हे बघा, प्लॅन बंद केल्याची आणि डिपॉझिट परतीची पावती घ्या. मगच चावी द्या. नवा मालक त्याच्या केवायसीवर स्वतःचं खातं उघडेल.