एच कार्ड, जी कार्ड आणि भाड्याचा रकाना

बी.कॉम. झाल्यावर बॅलार्ड इस्टेटमधल्या एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात चिकटलो. कायद्यात आता ‘कस्टम्स ब्रोकर’ असं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी अजून सीएचएच. पहिल्या दिवशी वाटलं, डिप्लोमा करायला हवा होता. तसं नव्हतं. बारावी पास असलं की ब्रोकर तुम्हाला नोकरीला ठेवून कस्टम्सकडून एच कार्ड काढून देतो. त्यावर आत ये-जा करता येते, कागद पुढे सरकवता येतात, पण बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावर सही करता येत नाही. सहीसाठी कस्टम्सची परीक्षा देऊन जी कार्ड मिळवावं लागतं.

त्या परीक्षेत काय विचारतात, ते मला एका चेकलिस्टने, म्हणजे बिल ऑफ एंट्रीच्या कच्च्या मसुद्याने शिकवलं. इन्व्हॉइस दहा लाखांचं, टर्म एफओबी, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा किमतीत नाही. मी घाईत सीआयएफ, म्हणजे दोन्ही किमतीतच आहेत असं टाकलं, भाड्याचा आणि विम्याचा रकाना रिकामा. ऑफिसातल्या काकांनी जहाज कंपनीची मालपावती, म्हणजे बीएल उचलली आणि बोट ठेवलं, ‘‘फ्रेट कलेक्ट लिहिलंय बघ. भाडं आपल्या पार्टीने भरायचंय, मग ते इन्व्हॉइसमध्ये कसं असेल?’’

मालाच्या वाहतुकीची सोय करणाऱ्या फॉरवर्डरकडून फ्रेट सर्टिफिकेट मागवलं, भाडं 60,000. विम्याचा कागद नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे एफओबीच्या 1.125 टक्के, म्हणजे 11,250. ड्युटी मोजायची किंमत झाली 10,71,250. मी ती 71,250 ने कमी दाखवत होतो. बेसिक ड्युटी 10 टक्के, तिच्यावर 10 टक्के सरचार्ज आणि मग 18 टक्के आयजीएसटी धरला, तर सुमारे 22,000 रुपये कमी भरले गेले असते. पकडलं गेलं की वसुली, व्याज आणि वर दंडाची टांगती तलवार. उलटही होतं. भाड्याचा आकडाच मिळाला नाही, तर एफओबीच्या 20 टक्के धरतात. म्हणजे 60,000 ऐवजी दोन लाख, आणि पार्टी आपल्यावर उखडते.

तेव्हापासून टर्म आणि बीएल शेजारी ठेवूनच मी टाइप करतो. एफओबी असून बीएलवर फ्रेट प्रीपेड, म्हणजे भाडं आधीच भरलेलं दिसलं, की आधी फोन.

फॉरवर्डिंगमध्ये असा सहीचा परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे शिरणं सोपं. फियाटा या फॉरवर्डरांच्या जागतिक संघटनेचा डिप्लोमा उपयोगी पडतो. जहाज, रेल्वे, ट्रक अशा एकाहून जास्त साधनांनी माल पोचवणारा मल्टिमोडल ऑपरेटर म्हणून स्वतःच्या नावाने वाहतुकीचा कागद काढायचा, तर 1993 च्या कायद्याखाली डीजी शिपिंगकडे नोंदणी करावी लागते. पण ती कंपनीची बाब, नवख्याने त्याची चिंता करू नये.

स्वतःचं ब्रोकरचं लायसन्स हवं असेल, तर कस्टम्स ब्रोकरांचे 2018 चे नियम वाचा. पदवी हवीच. सोबत सीए, एमबीए, एलएलबीसारखी पात्रता किंवा जी कार्डावरचा किमान दोन वर्षांचा अनुभव. मग नासिन या कस्टम्सच्या प्रशिक्षण संस्थेची लेखी परीक्षा, त्यानंतर तोंडी. माझ्याकडे एमबीए नाही, म्हणून मी दुसरी वाट धरली. जी कार्डाला सध्या सव्वा वर्ष झालंय.