शिवणीत गेलेला 'नाही'

लातूरला कॉलेजजवळच्या एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात मी कामाला लागलो, तेव्हा टायपिंग सोडून मला काही येत नव्हतं. पानाला समास सोडायचा असतो, एवढं शाळेत शिकलो होतो. तो किती सोडायचा, कोणत्या बाजूला आणि का, हे एका प्रकल्प अहवालानं शिकवलं. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी तीच गोष्ट सविस्तर सांगतो.

औसा तालुक्यातल्या महिला बचत गटांवरचा अहवाल होता. 84 पानं, तीन प्रती, हार्ड बायंडिंग. खर्च वाचावा म्हणून पाठपोट छपाई, म्हणजे एका प्रतीला 42 कागद. मी चारही बाजूंना 2 सेंटिमीटर समास ठेवला. स्क्रीनवर पान देखणं दिसत होतं. बायंडिंग होऊन आलं आणि ज्या ताईंचा अहवाल होता, त्यांनी काउंटरवरच तो उघडला.

"दादा, इथं बारा हजार पाचशे पाहिजे. दोन हजार पाचशेच दिसतंय की."

पान जोर लावून फाकवलं तेव्हा आत दडलेला 1 दिसला. उजव्या हाताच्या पानांवर ओळीची सुरुवात शिवणीत गेली होती. डाव्या हाताच्या पानांवर त्याहून वाईट, तिथं ओळीचा शेवट गेला होता. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'गटाने कर्ज फेडले' इथपर्यंत वाचता येत होतं. पुढं 'आहे' की 'नाही' ते शिवणीच्या आत.

मी बायंडरकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मला वाटलं, त्यांनी शिवण जास्त आत मारली असणार. त्यांनी पट्टी लावून दाखवली. कागदाच्या कडेपासून 9 मिलिमीटरवर दोरा. "याच्या अलीकडं मारली तर पानं निसटतात," ते म्हणाले. "आणि दोऱ्यापुढं कागद लगेच सपाट होत नाही, बाबू. वाकतो. ती जागा तू धरलीच नाहीस."

हिशेब असा निघाला. 9 मिलिमीटर शिवणीत आणि पुढचा सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्त कागद वाकणीत. म्हणजे माझे 2 सेंटिमीटर तिथंच संपले आणि मजकूर नेमका घडीत सुरू झाला. अहवाल जाड असेल तर वाकणी आणखी खाते. शिवाय बायंडर उरलेल्या तीन बाजू मशीनवर कापून सरळ करतो. त्यात दोन-तीन मिलिमीटर जातात, त्यामुळं पान क्रमांक अगदी कडेला ठेवू नये.

वर्डमध्ये बांधणीच्या या जागेला Gutter म्हणतात. आपल्याकडे गटर म्हटलं की वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं, पण नाव लक्षात राहायला बरं पडतं. Layout मध्ये Margins, तिथं Custom Margins उघडलं की नेहमीच्या चार समासांखाली Gutter चा रकाना आहे. तो शून्य असतो. तिथं भरलेलं माप समासात मिळवलं जातं. मी 1.5 सेंटिमीटर भरलं, म्हणजे डावीकडं एकूण 3.5. खाली Apply to मध्ये Whole document निवडलं. हे विसरू नका. फाईलमध्ये विभाग पाडलेले असले तर तिथं This section असतं आणि बदल एकाच प्रकरणाला लागतो.

हे करून एक प्रत छापली आणि दुसरी चूक झाली. पाठपोट छपाईत मागच्या पानाची शिवण उजवीकडं येते. माझी वाढीव जागा मात्र प्रत्येक पानाला डावीकडंच पडत होती. म्हणजे सम पानांवर ती बाहेरच्या कडेला गेली आणि आत पुन्हा तेच 2 सेंटिमीटर उरले. त्याच खिडकीत Multiple pages मध्ये Mirror margins निवडायचं असतं. ते निवडलं की Left आणि Right ही नावं बदलून Inside आणि Outside होतात आणि Gutter आपोआप आतल्या बाजूला जातो.

ही दुसरी चूक बायंडिंगच्या आधी सापडली, ती उजेडामुळं. पाठपोट छापलेला एक कागद खिडकीसमोर धरा. मागचा मजकूर पुढच्या मजकुरावर बरोबर बसलेला दिसला तर आतली जागा दोन्ही बाजूंना एकाच कडेला आहे. मागचा मजकूर एका बाजूला सरकलेला दिसला तर Mirror margins राहिलंय. पट्टीसुद्धा लागत नाही.

जागा सोडली की ओळ आखूड होते. आधी मजकुराची रुंदी 17 सेंटिमीटर होती, ती 15.5 झाली. 84 पानांची 92 झाली. अनुक्रमणिकेतले सगळे आकडे चुकले. ती वर्डनं बनवलेली असेल तर तिच्यावर राईट क्लिक करून Update Field घेतलं की भागतं. मी हातानं टाईप केली होती, त्यामुळं पान पान शोधत बसलो. म्हणून आता फाईल उघडली की टायपिंगच्या आधी बांधणी विचारतो.

इथं एक सावधगिरी. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या सूचनेत डावा समास दीड इंच, म्हणजे 3.8 सेंटिमीटर दिलेला असेल, तर बहुतेक वेळा बांधणीची जागा त्यातच धरलेली असते. त्यात आणखी Gutter घातला तर पान एका बाजूला रिकामं दिसतं.

त्या अहवालात 14 रकान्यांचा एक आडवा तक्ता होता. पान आडवं छापलं तरी अहवालात ते उभंच बांधलं जातं. त्यामुळं तक्त्याची वरची कड शिवणीकडं जाते आणि शीर्षक खाल्लं जातं. Gutter वर की डावीकडं, हे वर्ड पूर्ण फाईलला एकच ठरवतं. म्हणून आडव्या पानाचा वेगळा विभाग पाडून तिथं Gutter शून्य केला आणि वरचा समास 3.5 सेंटिमीटर ठेवला. तक्ता विषम पानावरच यावा म्हणून Odd Page हा विभाग घेतला. सम पानावर आला असता तर शिवण तक्त्याच्या खालच्या कडेला, म्हणजे बेरजेच्या ओळीवर आली असती.

सगळं झाल्यावर पीडीएफ करून छापा आणि छापताना Actual size ठेवा. Fit ठेवलं की पान थोडं लहान होतं आणि आपण मोजून सोडलेली जागा मोजलेली राहत नाही.

पंच करून फाईलला लावायच्या कागदांचा हिशेब सोपा आहे. साध्या दोन भोकांच्या पंचचं भोक सुमारे 6 मिलिमीटरचं आणि त्याचा मध्य कडेपासून 12 मिलिमीटरवर. म्हणजे भोक 15 मिलिमीटरपर्यंत पोचतं. वर्डमधला Narrow समास 12.7 मिलिमीटर आहे. प्रस्तावाचं एक पान वाचवायला तो निवडला की भोकासमोरच्या ओळींचं पहिलं अक्षर उडतं, आणि तक्ता असेल तर अनुक्रमांक. डावीकडं 3 सेंटिमीटर ठेवले की फाईल लावल्यावरही अक्षर मोकळं राहतं. शिवणीतला मजकूर निदान फाकवून वाचता येतो. पंचचा तुकडा मात्र खालच्या डबीत पडतो, आणि मी एकदा त्या डबीतून 'रु.' शोधलेला आहे.