इन्फेक्शन कंट्रोलच्या मीटिंगचे मिनिट्स: नवीन आयसीएन सिस्टरसाठी माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडला एका हॉस्पिटलमध्ये मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "या महिन्याच्या कमिटीचे मिनिट्स तू लिही." त्या मेंबर सेक्रेटरी होत्या. मी जुनी फाईल काढली आणि तसंच लिहून दिलं. कोण काय बोललं ते सगळं ओळीने आणि शेवटी "युरिनरी कॅथेटरच्या केअरबाबत चर्चा झाली, सर्व संबंधितांनी योग्य ती काळजी घ्यावी". सह्या झाल्या, फाईल कपाटात गेली. पुढच्या मीटिंगला चेअरपर्सन सरांनी विचारलं, मागच्या वेळच्या कॅथेटरच्या विषयाचं काय झालं? सगळे एकमेकांकडे बघत बसले, कारण "सर्व संबंधित" म्हणजे नक्की कोण हे कुणालाच माहीत नव्हतं आणि ते वाक्य माझंच होतं.

तीच केस घेऊन सांगते. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

आमचा मेडिकल आयसीयू 12 बेडचा. कॅथेटरमुळे होणारं युरिन इन्फेक्शन, ज्याला आपण सगळे कॉटी म्हणतो, त्याच्या केसेस एका महिन्यात 1 आणि पुढच्या महिन्यात 2. कॅथेटर डेज म्हणजे रोज ठरलेल्या एका वेळी किती पेशंटना कॅथेटर आहे ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची, ती आधी 240 आणि नंतर 250 होती. केसेस भागिले कॅथेटर डेज गुणिले 1000, म्हणजे रेट 4.2 वरून 8 वर गेला. मी मिनिट्समध्ये फक्त "रेट 4.2 वरून 8" असं लिहिलं आणि वाचणाऱ्याला वाटलं आयसीयूत इन्फेक्शन डबल झालं! खरं तर वाढलेला पेशंट एकच. म्हणून आता मी रेटच्या शेजारी कच्चे आकडे लिहितेच, "2 केसेस, 250 कॅथेटर डेज, रेट 8", आणि केस मोजताना कॅथेटर दोन दिवसांपेक्षा जास्त होता का, ताप वगैरे लक्षण होतं का हे मॅडमसोबत बसून तपासलं असंही एका ओळीत लिहिते. नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं आणि लक्षण काहीच नाही तर ती कॉटी धरत नाहीत, आणि मीटिंगमध्ये डॉक्टर लोक हाच प्रश्न आधी विचारतात.

मग मी आयसीयूत तीन दिवस सकाळी आणि नाइटला उभी राहून बघितलं. दोन गोष्टी दिसल्या. 5 बेडना युरिन बॅग अडकवायचा हूकच नव्हता, त्यामुळे बॅग जमिनीला टेकलेली किंवा बेडच्या रेलिंगला वर बांधलेली, म्हणजे लघवी उलटी ब्लॅडरकडे जायची भीती. दुसरं म्हणजे बॅग रिकामी करायला सगळ्या आयसीयूत मिळून दोनच जग. मावशी एका बेडचं ओतून तोच जग पुढच्या बेडला नेत होत्या आणि बॅगचा नळ जगच्या कडेला टेकत होता. मावशींची चूक नाही हो, जगच दोन दिले होते तर त्या बिचाऱ्या काय करणार. हे मी मीटिंगमध्ये फोटोसकट मांडलं, फोटोत पेशंटचा चेहरा किंवा नाव येणार नाही हे बघून. मिनिट्समध्येही पेशंटचं नाव लिहू नका, केस 1, केस 2 पुरतं, यादी मॅडमकडे वेगळी असते.

चर्चा जोरात झाली. एक सिनियर सर्जन म्हणाले सिल्व्हर कोटेड कॅथेटर वापरून बघूया, कुणी खर्च किती विचारलं, कुणी अजून काही. मी ते सगळं एकाच परिच्छेदात लिहिलं, "सिल्व्हर कोटेड कॅथेटर वापरण्याचे सुचवले". परचेसवाल्यांनी तो निर्णय समजून कोटेशन मागवलं आणि चेअरपर्सन सर मला केबिनमध्ये बोलावून विचारतायत की हे मी कधी मंजूर केलं! त्या दिवसापासून मी चर्चा आणि निर्णय एकत्र लिहित नाही. चर्चा दोन-तीन ओळींत वर, आणि खाली निर्णय वेगळा, जो चेअरपर्सननी तोंडाने बोलून दाखवलाय तोच. मीटिंगमध्येच विचारायचं, "सर, हा निर्णय म्हणून लिहू का?" सुरुवातीला धीर होत नाही पण विचारा. सरांनी नाही म्हटलं तर "चर्चा झाली, निर्णय नाही" असं स्पष्ट लिहायचं.

आता तो विषय मी असा लिहिते:

विषय 3, आयसीयूतील कॉटी.
निर्णय क: प्रत्येक बेडला बॅग रिकामी करण्यासाठी स्वतंत्र जग, त्यावर बेड नंबर. जबाबदारी: आयसीयू इन-चार्ज सिस्टर. मुदत: 14 तारीख. पुरावा: आयसीएन राउंडमध्ये 12 जग मोजणार.
निर्णय ख: 5 बेडना युरिन बॅगचे हूक. जबाबदारी: स्टोअर मॅनेजर. मुदत: 20 तारीख. पुरावा: बेडनिहाय तपासणी.
निर्णय ग: कॅथेटरची गरज आहे का, हे रोज सकाळच्या राउंडला आयसीयू चार्टवर लिहायचं. जबाबदारी: आयसीयू कन्सल्टंट. मुदत: 12 तारखेपासून सुरू. पुरावा: महिनाअखेर 10 चार्ट.

खऱ्या मिनिट्समध्ये जबाबदारीपुढे हुद्दा आणि नाव दोन्ही असतं. डिपार्टमेंटचं नाव कधीच नको. हूकचं काम मी पहिल्यांदा "मेंटेनन्स" असं लिहिलं होतं, तिथे चार जण आहेत, चौघांनाही वाटलं दुसरा करेल. आणि नंतर कळलं की हूक विकत आणायचेत, त्याचं इंडेंट स्टोअरमधून जातं, म्हणजे मेंटेनन्सच्या हातात मुळात काही नव्हतंच. म्हणून ज्याच्या सहीने ते काम हलतं त्याचं नाव लिहायचं. तो माणूस मीटिंगला नसेल तर मिनिट्स फिरवायच्या आधी जाऊन त्याला भेटायचं, तारीख जमेल का विचारायचं. स्टोअर मॅनेजर म्हणाले 15 ला नाही जमणार, माल भिवंडीहून येतो, 20 द्या. सरांना सांगून 20 केली.

मुदतीत "लवकरात लवकर" आणि "पुढच्या मीटिंगपर्यंत" हे दोन शब्द मी बंद केलेत. मीटिंग पुढे ढकलली की काम पण आपोआप ढकललं जातं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ट्रेन बंद पडल्या की मीटिंग ढकलली जातेच.

मिनिट्स दोन दिवसांत पाठवा, आठवडा गेला की कोण काय बोललं यावरून वाद सुरू होतात. पुढच्या मीटिंगचा पहिला विषय जुन्या निर्णयांचाच, प्रत्येकापुढे पूर्ण, अपूर्ण किंवा मुदत वाढवली, आणि वाढवली तर कुणी आणि का. जुनी तारीख खोडू नका, नवी तिच्या शेजारी लिहा.

पुढच्या महिन्यात कॉटी शून्य आली तेव्हा कुणीतरी म्हणालं लिहा ना उपायांमुळे रेट शून्य झाला. मी नाही लिहिलं. एका महिन्याच्या एवढ्याशा आकड्यावर तसं म्हणता येत नाही, मॅडमचंही तेच मत पडलं. आम्ही फक्त "0 केसेस, 230 कॅथेटर डेज" लिहिलं. 21 तारखेला सकाळी मी हूक बघायला गेले, चार बेडना लागले होते, बेड 9 चा हूक ढिला होता आणि बॅग परत जमिनीवर. स्टोअर मॅनेजर म्हणाले सिस्टर पाचही दिलेत, पूर्ण लिहून टाका. मी निर्णय ख पुढे लिहिलं, "5 पैकी 4, बेड 9 बाकी, नवी मुदत 25", आणि त्यांची सही घेतली.